ताबा कधी, उशिराचे पैसे किती, रद्द केलं तर काय: बिल्डरच्या करारनाम्याचा एका पानाचा गोषवारा

फ्लॅटचा करारनामा हातात पडतो तेव्हा त्याची जाडी बघूनच माणूस दमतो. ऐंशी-शंभर पानं, त्यात निम्मी पानं जमिनीच्या मालकीचा इतिहास, नकाशे आणि दाखल्यांच्या प्रती. दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ आधीच घेतलेली असते, बिल्डरचा माणूस पानं उलटत 'इथे सही, इथे अंगठा' म्हणत असतो. पुढे ताबा लांबला की तोच करारनामा पहिल्यांदा नीट उघडला जातो आणि मग कळतं, आपण कशावर सही केली होती.

खरेदीदाराच्या खिशाशी थेट संबंध असलेला मजकूर या सगळ्यात फार तर सात-आठ पानांचा असतो. ताबा कधी मिळणार, उशीर झाला तर बिल्डर काय देणार, पैसे कोणत्या टप्प्याला किती भरायचे आणि व्यवहार मोडला तर किती परत मिळणार, या चार प्रश्नांची उत्तरं त्या पानांत विखुरलेली असतात. सही करण्याआधी मसुदा मागून घ्यायचा आणि ही उत्तरं स्वतःच्या हाताने एका पानावर उतरवायची. प्रत्येक उत्तरासमोर तारीख किंवा रुपयांचा आकडा आला पाहिजे. जिथे आकडा लिहिता येत नाही, तिथे करारनाम्यात काहीतरी धूसर ठेवलेलं आहे असं समजायचं.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक व्यवहार सगळीकडे घेऊ. पुण्याजवळ बारा मजली इमारतीत ६५० चौरस फूट चटईक्षेत्राचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा फ्लॅट. किंमत ६० लाख. करारनामा जानेवारी २०२३ मध्ये नोंदवला, ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२४.

आधी दोन शब्द: रेरा आणि आदर्श करारनामा

रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण करतं. महाराष्ट्राच्या नियमांना एक नमुना जोडलेला आहे, त्याला आदर्श करारनामा म्हणतात. बिल्डरने आपला करारनामा त्या धर्तीवर करायचा असतो. तो शब्दशः तसाच असला पाहिजे असं नाही, पण बदल कायद्याच्या विरोधात जाऊन चालत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने चार गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरवून दिलं: अटळ आपत्तीचं कलम, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी, चटईक्षेत्र आणि जमीन-इमारतीचं सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण. नमुन्यापासून वेगळं काही लिहिलं असेल तर ते खरेदीदाराला दिसेल असं उघड करायचं, हीही अट आहे.

म्हणून मसुदा हातात आला की पहिलं काम म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर जायचं, तिथे बिल्डरने चढवलेला करारनाम्याचा मसुदा उतरवून घ्यायचा आणि आपल्या हातातल्या मसुद्याशी ताडून बघायचा. दोन्हींत फरक निघाला तर तो नेमका या चार प्रश्नांपाशीच निघण्याची शक्यता जास्त.

आणि एक. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने बंदी आहे. आपल्या उदाहरणात ६ लाख. 'आत्ता १५ टक्के भरा, करारनामा सावकाश करू' हे वाक्य ऐकू आलं तर पुढचं वाचण्याआधीच थांबायला हवं.

ताब्याची तारीख एक नसते

करारनाम्यात तारीख असते, पण तिच्या आजूबाजूचे शब्द तिला सैल करतात. '३१ डिसेंबर २०२४ रोजी किंवा त्यापूर्वी' एवढंच लिहिलं असेल तर ठीक. '३१ डिसेंबर २०२४ अधिक सहा महिन्यांचा वाढीव काळ' असं असेल तर गोषवाऱ्यात ३० जून २०२५ लिहायचं, कारण बिल्डर उशीर तिथून मोजणार. 'पायाचं काम पूर्ण झाल्यापासून ३० महिन्यांत' अशी रचना असेल तर ती तारीखच नव्हे. पाया कधी पूर्ण झाला हे बिल्डरच ठरवणार. असं वाक्य खोडून दिनांक लिहून घ्यायचा.

दुसरी तारीख महारेराच्या संकेतस्थळावर असते, प्रकल्प पूर्ण करण्याची. ती बहुतेक वेळा करारनाम्यातल्या तारखेनंतरची असते आणि बिल्डरला तिला मुदतवाढही मिळू शकते. उशीर झाला की विक्री कार्यालयातून उत्तर येतं, 'रेराची तारीख अजून पुढे आहे.' त्या उत्तराने गडबडून जायचं कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात रेराची वैधता कायम ठेवली, तेव्हाच हे स्पष्ट झालं की खरेदीदाराला द्यायच्या व्याजासाठी उशीर मोजायचा तो त्याच्या करारनाम्यात लिहिलेल्या तारखेपासून. महारेराकडून मुदतवाढ मिळाली म्हणून तुमची तारीख सरकत नाही.

रकाना कोराच सोडला असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका मुंबईच्या प्रकरणात म्हटलं की मुदत लिहिलेली नसेल तर वाजवी काळ धरायचा आणि त्या प्रकरणात तीन वर्षं वाजवी मानली. पण ही वाट कोर्टात भांडायची आहे, तिच्यावर भिस्त ठेवून सही करू नये.

मग अटळ आपत्तीचं कलम. म्हणजे माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने काम थांबलं तर बिल्डरला मिळणारी सवलत. रेरा कायद्यात प्रकल्पाच्या मुदतवाढीसाठी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि निसर्गाने घडवलेल्या आपत्ती एवढीच यादी आहे. आदर्श करारनाम्यात त्याशिवाय सरकार, सक्षम प्राधिकरण किंवा न्यायालयाची नोटीस, आदेश, नियम धरलेले आहेत. बिल्डरच्या मसुद्यात ही यादी फुगते: सिमेंट-स्टीलचा तुटवडा, मजुरांची टंचाई, वाळूबंदी, परवानग्यांना उशीर आणि शेवटी 'प्रवर्तकाच्या नियंत्रणाबाहेरचं कोणतंही कारण'. प्रवर्तक म्हणजे बिल्डर. हे शेवटचे शब्द राहिले तर तारखेला अर्थ उरत नाही. हे कलम न बदलता येणाऱ्या चारांत आहे, त्यामुळे फुगलेली यादी दाखवून ती काढायला सांगण्यात संकोच नको. बांधकामासाठी मजूर आणणं हा बिल्डरचाच धंदा आहे. कोविडसारखी खरी आपत्ती आली तेव्हा महारेराने २०२० मध्ये सहा महिन्यांची मुदतवाढ स्वतः आदेश काढून दिली होती. म्हणजे खऱ्या अडचणीसाठी सवलत मिळते, ती आधीच कलमात दडवून ठेवावी लागत नाही.

आणि ताबा म्हणजे नेमकं काय, हेही त्याच कलमात बघायचं. कायद्याच्या लेखी ताबा देता येतो तो भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहायला योग्य आहे, असा महापालिकेचा किंवा नियोजन प्राधिकरणाचा तो दाखला. 'फर्निचरचं काम सुरू करण्यासाठी ताबा' म्हणून किल्ली आधी दिली जाते, सोबत एका कागदावर सही घेतली जाते आणि पुढे त्याच कागदाच्या जोरावर बिल्डर म्हणतो की ताबा वेळेत दिला होता. दाखला नसताना किल्ली घ्यावीच लागली, तर कागदावर 'भोगवटा प्रमाणपत्राविना, फक्त अंतर्गत कामासाठी, व्याजाचा हक्क राखून' असं स्वतःच्या हाताने लिहून सही करायची.

उशीर झाला तर: दोन वाटा, आणि निवड तुमची

रेराचं अठरावं कलम सांगतं की ताबा ठरल्या तारखेला नाही मिळाला तर खरेदीदार व्यवहारातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह मागू शकतो, किंवा फ्लॅट राखून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घेऊ शकतो. कोणती वाट धरायची हे बिल्डर ठरवत नाही. पैसे परत मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे, उशिराचं कारण काहीही असलं तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात म्हटलं आहे.

व्याजाचा दर महाराष्ट्राच्या नियमांत ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर अधिक २ टक्के. एमसीएलआर म्हणजे बँक ज्याच्या खाली सहसा कर्ज देत नाही तो तळाचा दर. तो बदलत राहतो, म्हणून हिशेबापुरते आपण एकूण ११ टक्के धरू.

आपल्या उदाहरणात ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत खरेदीदाराने ८५ टक्के, म्हणजे ५१ लाख भरले आहेत. भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबा आला फेब्रुवारी २०२६ च्या शेवटी, १४ महिने उशिरा. ५१ लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५,६१,००० रुपये, महिन्याचं ४६,७५०. चौदा महिन्यांचे झाले ६,५४,५००.

आता मसुद्यातलं कलम बघा. काही करारनाम्यांत लिहिलेलं असतं, 'उशीर झाल्यास चटईक्षेत्राच्या प्रति चौरस फुटाला दरमहा ५ रुपये भरपाई.' ऐकायला बरं वाटतं. ६५० चौरस फुटांचे महिन्याला ३,२५० होतात आणि चौदा महिन्यांचे ४५,५००. कायद्याच्या हिशेबाच्या चौदाव्या हिश्श्याइतके. म्हणून गोषवाऱ्यात दर लिहून थांबायचं नाही, महिन्याचा आकडा काढून लिहायचा.

दराचा दुसरा नियमही तितकाच कामाचा. खरेदीदाराने हप्ता उशिरा भरला तर बिल्डर जे व्याज लावतो आणि बिल्डरने उशीर केला तर तो जे देतो, ते दर सारखेच असले पाहिजेत. ही व्याख्या कायद्यातच आहे. रेराच्या आधीची सवय अशी की खरेदीदाराकडून १८ किंवा २४ टक्के घ्यायचे आणि आपण किरकोळ भरपाई द्यायची. अशी एकतर्फी कलमं खरेदीदारावर बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकल्पाबद्दलच्या निकालात सांगितलं. तरीही मागणीपत्रांच्या तळाशी २४ टक्के छापलेले दिसतात. १,२५,००० रुपयांचा हप्ता ४५ दिवस उशिरा गेला तर ११ टक्क्यांनी साधारण १,७०० रुपये होतात, २४ टक्क्यांनी ३,७००. रक्कम लहान असते म्हणून लोक भरून मोकळे होतात. अशा हप्त्यांची बेरीज ताब्याच्या वेळी अंतिम हिशेबात दिसते.

व्याज आपोआप खात्यात येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. ते लेखी मागावं लागतं. बरेच बिल्डर शेवटच्या हप्त्यातून वळतं करायला तयार होतात आणि ही व्यवहार्य तडजोड आहे, फक्त रकमेसह लेखी हवी. नाकारलं तर महारेराकडे तक्रार. तिचं शुल्क ५,००० रुपये. आदेश झाल्यावरही पैसे दिले नाहीत तर महारेरा वसुलीचा दाखला काढतं आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. खरी दिरंगाई इथेच होते. बिल्डरच्या नावावर जप्त करण्याजोगी मालमत्ता सापडली नाही तर दाखला नुसता पडून राहतो. म्हणून हातात अडवून ठेवलेला शेवटचा हप्ता हा कागदावरच्या आदेशापेक्षा जास्त उपयोगी, आणि त्यासाठी हप्त्यांचं कोष्टक नीट असावं लागतं.

हप्त्यांचं कोष्टक: पैसा कामाच्या पुढे धावतो का?

लग्नाच्या केटररला आपण सगळे पैसे हळदीच्या दिवशी देत नाही. काही आगाऊ, काही सामान आलं की, आणि शेवटची गड्डी पंगती उठल्यावर. आदर्श करारनाम्याचं कोष्टक याच हिशेबाचं आहे. त्यात प्रत्येक टप्प्यापर्यंत एकूण जास्तीत जास्त किती टक्के घेता येतील याची मर्यादा आहे. आपल्या ६० लाखांवर ती अशी बसते:

| टप्पा | एकूण मर्यादा | रुपये |
|---|---|---|
| आगाऊ रक्कम | १०% | ६ लाख |
| करारनामा झाल्यावर | ३०% | १८ लाख |
| पाया (प्लिंथ) पूर्ण | ४५% | २७ लाख |
| सगळे स्लॅब पूर्ण | ७०% | ४२ लाख |
| तुमच्या फ्लॅटच्या भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या | ७५% | ४५ लाख |
| संडास-बाथरूमचं सामान, जिने, लिफ्टची विहीर, मजल्यावरची लॉबी | ८०% | ४८ लाख |
| बाहेरचा गिलावा, बाहेरची नळजोडणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग | ८५% | ५१ लाख |
| लिफ्ट, पंप, वीज, प्रवेशद्वाराची लॉबी, आवारातलं काम | ९५% | ५७ लाख |
| भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा | १००% | ६० लाख |

कोष्टक नीट बघितलं तर खरेदीदाराची दुखरी जागा सापडते. स्लॅब संपले की ७० टक्के गेलेले असतात, आणि उभा असतो तो नुसता सांगाडा. लिफ्ट नाही, पाणी नाही, खिडक्या नाहीत. प्रकल्प रखडतात ते अनेकदा इथेच, कारण यानंतरच्या बऱ्याच महिन्यांच्या कामासाठी खरेदीदारांकडून येणारा पैसा थोडा उरलेला असतो. ही रचना नियमांतलीच आहे, तेव्हा ती बदलून मागण्यात फारसं हशील नाही. पण तिच्या आत होणारी हातचलाखी मात्र थांबवता येते.

पाया ते शेवटचा स्लॅब या प्रवासात २५ टक्के, म्हणजे १५ लाख द्यायचे असतात. बारा स्लॅब धरले तर एका स्लॅबला सव्वा लाख. प्रामाणिक कोष्टकात तसंच दिसतं. चलाख कोष्टकात 'पहिला स्लॅब ८%, तिसरा ८%, पाचवा ९%' असं लिहून पाचव्या स्लॅबलाच ७० टक्के गाठलेले असतात. मर्यादा 'सगळे स्लॅब पूर्ण' या टप्प्याची आहे, पाचव्याची नाही, हे तिथे दाखवून द्यायचं आणि स्लॅबवार समान विभागणी मागायची. पोडियमचे, वाहनतळाचे स्लॅबही या मोजणीत येतात, म्हणून एकूण स्लॅब किती हा आकडा कोष्टकात लिहिलेला असावा.

'इमारत' हा शब्दही तपासायचा. प्रकल्पात अ, ब, क अशा तीन विंग असतील आणि तुमचा फ्लॅट क मध्ये, तर कोष्टकात क विंगचा उल्लेख हवा. नाहीतर अ विंगचा स्लॅब पडला की तुम्हाला मागणीपत्र येतं.

मागणीपत्र आलं म्हणजे काम झालंच असं नाही. त्यासोबत वास्तुविशारदाचा टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला मागायचा, आणि शक्य असेल तर रविवारी जाऊन स्लॅब मोजून यायचं. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरला प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढण्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात, त्यामुळे असे दाखले तयार होतच असतात. गृहकर्ज असेल तर बँकेकडेही पाहणीचा आग्रह धरावा. बिल्डरशी संबंध जुने असले की काही वेळा रक्कम पाहणीविना सुटते, आणि हप्ते मात्र तुमचे सुरू होतात.

जीएसटी, मुद्रांक शुल्क, सोसायटी स्थापनेचा खर्च, देखभालीची आगाऊ रक्कम हे ६० लाखांच्या बाहेरचं. त्यांची बेरीज गोषवाऱ्याच्या तळाशी वेगळी लिहायची. देखभाल खर्चाचं कलम मात्र वाचून ठेवा: फ्लॅट वापरायला तयार आहे अशी लेखी सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांनी तो सुरू होतो, तुम्ही किल्ली घेतली असो वा नसो. भोगवटा प्रमाणपत्राआधी अशी सूचना आली तर ती लेखी नाकारायची.

व्यवहार मोडला तर

रद्द करण्याचं कलम लोक वाचतच नाहीत, कारण फ्लॅट घेताना तो सोडायचा विचार कोण करतो! पण नोकरी जाते, कर्ज नामंजूर होतं, घरात आजारपण येतं. रक्कम किती परत मिळणार हे व्यवहार कोणत्या वेळी आणि कोणामुळे मोडला यावर ठरतं.

करारनामा होण्याआधी, फक्त वाटपपत्र म्हणजे अलॉटमेंट लेटर हातात असताना, हिशेब सोपा आहे. महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कपात नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. आपल्या ६० लाखांवर जास्तीत जास्त १,२०,०००. रद्द करण्याचं पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत उरलेली रक्कम परत करायची, नाहीतर पुढे व्याज. 'बुकिंगची रक्कम परत मिळत नाही' अशी पाटी असते, तिच्यापुढे हे वाटपपत्र ठेवायचं.

करारनामा झाल्यावर बिल्डरच्या उशिरामुळे बाहेर पडलात तर कपातीचा प्रश्नच नाही. उलट प्रत्येक हप्त्यावर तो भरला त्या दिवसापासून व्याज. जानेवारी २०२३ मध्ये भरलेले ६ लाख जानेवारी २०२६ मध्ये परत मागितले तर त्या एका हप्त्यावरच तीन वर्षांचे १,९८,००० होतात. आणि अशी देय झालेली रक्कम ३० दिवसांत द्यायची असा नियम आहे.

बिल्डरची चूक नसताना तुम्ही स्वतःहून बाहेर पडता, ती बाजू सगळ्यांत कच्ची. आदर्श करारनाम्यात ठरलेली नुकसानभरपाई वजा करायची तरतूद आहे, पण तिचा आकडा दोघांनी ठरवायचा असतो. तिथे बिल्डर २० टक्के, कधी त्याहून जास्त भरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. करारात किमतीच्या २० टक्के जप्तीची अट होती, ती एकतर्फी ठरली आणि कपात १० टक्क्यांवरच राहिली. पण १० टक्के म्हणजेही आपल्या उदाहरणात ६ लाख. म्हणून सहीच्या आधी हा आकडा कमी करून घेण्यावर सगळ्यांत जास्त वेळ खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच कलमात 'फ्लॅट पुन्हा विकला गेल्यावर रक्कम परत करू' असं वाक्य असतं. ते खोडून 'रद्द केल्यापासून ३० दिवसांत' लिहून घ्यायचं. नाहीतर परताव्याची तारीख बाजारावर सोडलेली राहते.

बिल्डरलाही मनाला येईल तेव्हा रद्द करता येत नाही. नमुन्याप्रमाणे हप्त्यांची तीन वेळा थकबाकी झाल्यावर, नोंदणीकृत टपालाने आणि ई-मेलवर १५ दिवसांची नोटीस देऊन, त्यात नेमकी कोणती रक्कम थकली हे लिहून, आणि तरीही ती भरली नाही तरच. मसुद्यात 'तीन' चं 'एक' झालंय का ते बघा. पत्ता किंवा ई-मेल बदलला तर बिल्डरला लेखी कळवा. नोटीस जुन्या भाड्याच्या घरी जाऊन परत आली, ही फार साधी आणि फार महागात पडणारी गोष्ट आहे.

करारनामा नोंदवलेला असल्यामुळे तो रद्द करायला रद्दलेखही नोंदवावा लागतो. बिल्डर म्हणतो, आधी रद्दलेखावर सही करा, मग धनादेश देतो. तसं करू नका. रद्दलेखातच डिमांड ड्राफ्टचा क्रमांक आणि रक्कम लिहून, ड्राफ्ट हातात घेऊनच निबंधकासमोर सही करायची. कर्ज असेल तर बँकेची थकीत रक्कम थेट बँकेला जाते, ती वेगळी दाखवायची. मुद्रांक शुल्काचा परतावाही मागता येतो: ताबा घेतलेला नसावा, रद्दलेख करारनाम्यापासून पाच वर्षांत नोंदवलेला असावा आणि त्यानंतर सहा महिन्यांत अर्ज केलेला असावा. ७ टक्के शुल्क धरलं तर ६० लाखांवर ते ४,२०,००० होतं, आणि हा सहा महिन्यांचा काळ बिल्डरशी भांडण्यात निघून जातो.

'आमचा फॉरमॅट बदलत नाही'

हे उत्तर हमखास मिळतं आणि ते अर्धं खरं असतं. बिल्डर शंभर खरेदीदारांसाठी शंभर वेगळे करारनामे करणार नाही. पण रकाने भरायचेच असतात: तारीख, कोष्टक, कपातीचा टक्का. मागणी या रकान्यांपुरती, ई-मेलवर, कलम क्रमांक लिहून ठेवली तर काही ना काही हलतं. आणि नाही हललं तरी तो ई-मेल पुढे उपयोगी पडतो, कारण कलम एकतर्फी होतं आणि खरेदीदाराने हरकत घेतली होती, हे त्यातून दिसतं.

'कायदा पाठीशी आहे, मग कलमं कशाला वाचायची?'

कायद्याविरुद्धचं कलम टिकत नाही हे खरं. पण ते टिकत नाही हे ठरायला तक्रार, सुनावणी, अपील एवढं सगळं लागतं, आणि तोवर भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही तुमच्याच खात्यातून जात असतं. शिवाय ताब्याची तारीख, कपातीचा टक्का, स्लॅबची विभागणी या गोष्टी कायदा भरून देत नाही. त्या करारनाम्यातूनच येतात.

सही झाल्यानंतर येणारा कागद

ताबा लांबायला लागला की बिल्डरकडून 'पुरवणी करारनामा' येतो. निमित्त काहीही असू शकतं: नकाशातला छोटा बदल, पार्किंगचा क्रमांक, सोसायटीचं नाव. आत कुठेतरी ताब्याची नवी तारीख असते आणि 'आधीच्या उशिराबद्दल खरेदीदाराची कोणतीही तक्रार नाही' हे वाक्यही. त्यावर सही केली की ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख तुम्ही स्वतःच सोडून दिलेली असते आणि महिन्याचे ४६,७५० तिच्याबरोबर जातात. ताबा घेताना भरून घेतल्या जाणाऱ्या 'ना-तक्रार' फॉर्मचंही तेच. पुरवणी करारनामा खरोखर गरजेचा असेल तर त्यात एक ओळ घालून घ्यायची: मूळ करारनाम्यातली ताब्याची तारीख आणि त्यापोटीचे हक्क जसेच्या तसे कायम राहतील. ही ओळ घालायला बिल्डर तयार नसेल, तर तो कागद नेमका कशासाठी आणला होता हे कळलं.